लालेलाल उपास

मंगळवार पेठेतल्या ‘उंबरा’ कॅफेच्या दाराशी एक काळा फळा उभा असायचा, आणि वर्षाराणीचा अर्धा जीव त्या फळ्यात असायचा. उरलेला अर्धा जीव गल्ल्यावर बसून लोकांना सुटे पैसे परत द्यायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे, तिलाही नसे. पण सकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसला, तो वाळताना त्यावरनं पाण्याचे ढग पळाले, आणि हातात खडू आला, की ही पोरगी नुसती उजळून निघायची.

मूळची गडहिंग्लजची. कोल्हापूरला शिकायला म्हणून आली, शिक्षण संपलं, ही काही गेली नाही. तिची आई, म्हणजे तिची आव्वा, रागावली की कन्नडमध्ये बोलायची आणि लाडात आली की मराठी ओवी म्हणायची. जातं घरात राहिलं नव्हतं, दळण कधीचंच गिरणीत गेलं होतं, पण ओवीला काय, तिला दगड लागत नाही. आव्वा लसूण सोलताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची, टीव्हीतल्या सासूला शिव्या देतानाही म्हणायची. त्यामुळे वर्षाराणीच्या कानात लहानपणापासून एक झोका बांधलेला होता, आणि फळ्यावर लिहायला घेतलं की तो हलायला लागायचा.

कॅफेचा मालक पृथ्वीराज. बापजाद्यांची शेती, दोन म्हशी आणि डोक्यात नव्या कल्पनांचा कळप. श्रावण आठवड्यावर आला तसा तो म्हणाला, आपण उपवासाचे पदार्थ ठेवू या. पेठेत येता-जाता बायका दिसतात, सोमवार, शनिवार, एकादशी, यांचे उपवास काही संपत नाहीत, मग खायला आपल्याकडं का येऊ नयेत? स्वयंपाकघर आकाराममामांचं. तीस वर्षं मिसळ करून त्या माणसाच्या हाताची रेषासुद्धा लाल झाली होती. मामा म्हणाले, पदार्थ मी करतो, सांगायचं काम हिचं.

आणि वर्षाराणीनं सांगितलं. काय सांगितलं म्हणता. पहिल्या श्रावणी सोमवारी फळा असा बहरला की रस्त्यावरचे स्कूटरवाले वेग कमी करून वाचू लागले. साबुदाण्याची खिचडी झाली ‘ढगांतून ओघळलेली मोत्यांची सर’. वरीचा भात झाला ‘चांदण्याचा घास’. दाण्याची आमटी ‘अमृतधारा’, आणि रताळ्याच्या गोड कापांना तर तिनं ‘स्वर्गातलं सोनं’ म्हणून टाकलं. खाली टपोऱ्या अक्षरात: ‘सगळं उपवासाला चालतं’.

दहाच्या सुमारास देवीच्या देवळाकडून अठरा बायकांचं भजनी मंडळ आलं. पुढं नीलम्माक्का. साठीच्या, उंच, कपाळावर भस्माची बोटं, आणि आवाज असा की माईक लाजावा. सगळ्या बसल्या. नीलम्माक्कांनी चष्मा लावून फळा वाचला, मग परत वाचला, आणि वर्षाराणीला जवळ बोलावून म्हणाल्या,

“स्वर्ग ऱ्हाऊ दे बाजूला. जिरं हाय का त्यात ते सांग.”

जिरं होतं. जिरं चालतं, त्या म्हणाल्या, पण कोथिंबीर? कोथिंबीरही होती. मग नाही चालत. शेजारच्या तानाबाई म्हणाल्या की कोथिंबिरीचं काही नाही, त्यांच्यात फोडणीला तेल चालत नाही, तूप लागतं. तेल आहे का? होतं. पलीकडून बयाबाईंनी विचारलं की मिरची हिरवी का लाल, कारण त्यांच्याकडं दोन्ही चालत नाहीत, फक्त काळी मिरी. कुणी विचारलं मीठ साधं का सैंधव. कुणी म्हणालं, आमच्यात सोमवारी वरी शिजवत नाहीत. आणि मग मूळ प्रश्न बाजूला राहून त्या अठरा जणींचं एकमेकींतच सुरू झालं.

“कोथिंबीर खाऊन उपास करायचा तर मग पोहेच खा की,” नीलम्माक्का म्हणाल्या.

“आणि तेलात तळून खायाचं तर वडापाव काय वाईट हाय?” तानाबाईंनी उलट टोला हाणला.

अमृतधारा कशाची आहे, शेंगदाण्याची का आणखी कशाची, हे कुणाला कळेना. स्वर्गातल्या सोन्यात तूप आहे की डालडा, याचा खुलासा स्वर्गानंही केला नव्हता. शेवटी मंडळानं अठरा चहा घेतले. तोसुद्धा कसा, तर नीलम्माक्कांनी आधी डोळे मिटून देवीचं एक कडवं म्हटलं, ते संपेपर्यंत कुणी कपाला बोट लावलं नाही, आणि मग सगळ्यांनी एकदम फुर्र करून चहा संपवला. मंडळाचा तो नियमच होता. तोंडात काही जायच्या आधी आक्कांचं कडवं. आणि पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं की आक्कांना भूक जितकी जास्त, तितकं कडवं लांब.

खिचडीचं पातेलं पृथ्वीराजच्या दोन म्हशींच्या पुढं गेलं. दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्या सोमवारी थोडं कमी, कारण पातेलंच लहान चढवलं होतं.

श्रावण असा सरला. पृथ्वीराज रागावणारा नव्हता, पण त्यानं एका पुण्याच्या डिझायनरकडून छापील मेनूकार्डाचा नमुना मागवला. जाड, चकचकीत कार्ड, वर सोनेरी अक्षरात ‘शंभर टक्के सात्त्विक’. ते त्यानं गल्ल्यावर ठेवलं आणि जमिनीकडं बघत वर्षाराणीला सांगितलं की नवरात्रात एकदा शेवटचं बघू. बायका आल्या तर फळा तुझा, कायमचा. नाही आल्या तर फळा काढायचा आणि हे कार्ड लावायचं. तू गल्ला तेवढा सांभाळ.

त्या रविवारी गडहिंग्लजच्या एस्टीत बसून वर्षाराणी आव्वाकडं गेली. आव्वा ओट्यावर रताळी धूत होती. लेकीनं सगळं सांगितलं. आव्वा इतकी हसली की रताळं हातातून निसटून मोरीत गेलं.

मग तिनं विचारलं, की शेजारणीकडं तू जेवायला गेलीस आणि तिनं म्हटलं हे चांदणं आहे खा, तर खाशील? नाही खाणार. तिनं म्हटलं वांगं आहे, दाण्याचं कूट घातलंय, जरा तिखट झालंय, तर?

“तर ताट पुढं ओढीन,” वर्षाराणी म्हणाली.

“झालं की मग. आणि चालतंय का न्हाय ते तू कोण सांगणार गं? ते जिच्या तिच्या घरातलं. तू आत काय हाय तेवढं सांग. पर गोड आवाजात सांग.”

परतीच्या एस्टीत ती खिडकीशी बसली. बाहेर ऊस, ऊस, पुन्हा ऊस, आणि कानातला झोका हलायला लागला. कोल्हापूर यायच्या आत वहीची चार पानं भरली होती. दुसऱ्या दिवसापासून ती पेठेत हिंडली. नीलम्माक्कांच्या दारात, तानाबाईंच्या ओसरीवर, बयाबाईंच्या शिलाई मशीनशेजारी. कुणाकडं काय खातात आणि काय नाही, सगळं टिपलं. नवरात्रात कुणी नऊ दिवस फक्त फळं खातं, कुणी धान्य भाजून मगच दळतं आणि त्या पिठाची भाकरी खातं, कुणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तेवढा उपास धरतं. ती स्वतः उठता-बसतावाली. त्यामुळे पदार्थ चाखायचं काम तिचं, असं मामांशी ठरलं. मामा नऊ दिवस दूध आणि केळी यांच्यावर राहायचे. कामाच्या वेळी त्यांची जीभ देवीकडं गहाण असायची.

मामांनीही कंबर कसली. स्वयंपाकघराचा एक कोपरा त्यांनी वेगळा काढला. वेगळी कढई, वेगळं उलथनं, वेगळी विळी, वेगळं शेंगतेल, आणि सगळ्याभोवती जमिनीवर तांबड्या दोरीची सीमा. दोरीच्या अलीकडं रोजची मिसळ, कॉलेजच्या पोरांसाठी. पलीकडं उपास. दोरी ओलांडताना मामा हात धुवायचे आणि दुसऱ्या कुणी न धुता पाय टाकला तर उलथनं दाखवायचे.

पहिल्या माळेला फळा पुन्हा उभा राहिला. ढग नाहीत, मोती नाहीत. नुसती ओवी.

*रात्री भिजला साबुदाणा, पहाटे झाला मोकळा,*
*तूप-जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट सोबतीला.*
*बटाटा हाय, साखर चिमूट, मीठ सैंधव घातलंय जरा,*
*कोथिंबीर ठेवली वाटीत, हवी तर वरनं पेरा.*

आणि तिच्याखाली,

*वरीचा गं भात, फुलला जाईचा मळा,*
*दाण्याच्या आमटीला आमसुलाचा लळा.*
*गूळ खडाभर आत, मिरची हिरवी लहान,*
*तेलाला न्हाय जागा, फोडणीत तुपाचा मान.*

*रताळं गं उकडलं, साल काढली हलक्या हाती,*
*गुळाच्या पाकामध्ये काप लोळती सांगाती.*
*वेलदोडा चिमूटभर, तूप चमचा एक,*
*मीठ न्हाय, मिरची न्हाय, ही गोडाची लेक.*

खाली बारीक अक्षरात फक्त एवढंच: ‘उपासाची कढई आणि उपासाचं उलथनं वेगळं आहे. आत येऊन बघा.’

मंडळ आलं, अनवाणी, देवळातल्या गर्दीनं विस्कटलेलं, हळदीकुंकवानं माखलेलं. नीलम्माक्का फळ्यापुढं थांबल्या. वाचलं. आणि मग काय झालं, त्या ‘गोडाची लेक’पाशी आल्यावर त्यांच्या ओठांतून ती ओवी चालीवर बाहेर पडली. मागच्या जणींनी टाळ्या धरल्या. रस्त्यातच मेनू गायला जाऊ लागला. एक रिक्षावाला थांबला, त्यानं पूर्ण ऐकलं आणि दोन खिचड्या बांधून नेल्या. तानाबाई थेट स्वयंपाकघरात शिरल्या, तांबडी दोरी बघितली, कढई हुंगली, बाहेर येऊन मंडळाला म्हणाल्या की बसा गं. बयाबाईंची मिरी वेगळी कुटून ठेवली होती हे बघून त्यांना भरून आलं आणि त्यांनी दोन ताटं खाल्ली.

दुसरी माळ, तिसरी माळ, चौथी माळ. पातेलं म्हशींपर्यंत पोचेना. पृथ्वीराज येता-जाता ओव्या गुणगुणायला लागला. पण हा नव्या कल्पनांचा माणूस, गप्प कसा बसेल? म्हणाला, ललितापंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते, तिथं कोहळा फुटतो, सगळ्या बायका तो उन्हाचा डोंगर चढून-उतरून येतात. परततील तेव्हा भुकेनं डोळे फिरलेले असतील. त्या दिवशी उपासाची मिसळ ठेवायची. कोल्हापुरात राहून उपासाला मिसळ नाही, हा अन्याय आहे.

मामांचे डोळे चमकले. चार दिवस त्यांचा लाल हात दोरीपलीकडं पांढरं शिजवत होता, तो शिवशिवायला लागला होता. पदार्थ ठरला. खाली खिचडी, त्यावर बटाट्याची सुकी भाजी, त्यावर दाण्याच्या आमटीचा कट, वर शेंगतेलात तळलेला बटाट्याचा चिवडा आणि बाजूला दही. तिखट म्हणून फक्त सुकी संकेश्वरी मिरची. वर्षाराणीनं आव्वाला फोन करून चांगली अर्धा किलो आणवली, मामांनी ती दोरीच्या पलीकडं स्वतः कुटली आणि नव्या डब्यात भरली. वर्षाराणीनं मंडळात विचारून घेतलं. बयाबाई सोडून सगळ्यांना नुसती लाल मिरची चालणार होती, बयाबाईंसाठी मिरीची खिचडी ठरली. तानाबाईंच्या मिसळीवर चिवडा घालायचा नव्हता.

पंचमीला दुपारी फळ्यावर चौथी ओवी आली.

*कोल्हापूरच्या ताटात बाई उपास बी लालेलाल,*
*दाण्याच्या कटात बटाटा, वर चिवड्याची शाल.*
*चिवडा तळला शेंगतेलात, मिरची संकेश्वरी, दुसरं काय न्हाय,*
*कांद्याला अन् लसणाला दारातनंच टाटा-बाय.*

शेवटच्या ओळीला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस हसत होता. लोक फोटो काढत होते, त्यात एका पोलिसानंही काढला. वर्षाराणीला खडू खाली ठेवावासा वाटेना. तिनं कोपऱ्यात एक लसणाचा गड्डा काढला आणि त्याच्या हातात छोटी पिशवी दिली, प्रवासाला निघाल्यासारखी. त्या पिशवीचे बंद काढण्यात पाच मिनिटं गेली. आणि त्या पाच मिनिटांत मंडळ आलं.

उन्हानं तांबडंलाल झालेलं, पायाला धूळ, पदर खोचलेले, आवाज बसलेले. अठराच्या अठरा टेबलांवर कोसळल्या. मिसळ, एवढंच म्हणाल्या. आतून ताटं निघाली. पृथ्वीराज स्वतः वाढायला लागला. कॅफेभर असा वास सुटला की गल्लीतलं कुत्रं उंबऱ्याशी येऊन बसलं.

वर्षाराणी हात पुसत आत गेली. चाखायचं राहिलं होतं. तिनं चमचाभर कट घेतला, फुंकला आणि तोंडात टाकला.

आहाहा. जिभेवर आधी दाण्याचा गोडवा, मग तिखटाची ठिणगी, मग मागून हळूच येणारी ती खोल, तळलेली, घरच्या माळ्यावरच्या बरणीची चव. मिसळ म्हणजे हीच. डोळे मिटले तर अगदी रविवारची सकाळ. इतकी चांगली मिसळ तिनं महिन्याभरात खाल्ली नव्हती.

आणि तिथंच तिचे डोळे उघडले. उपासाची मिसळ इतकी चांगली लागूच शकत नाही.

तिनं मामांकडं बघितलं. मामांनी तिच्याकडं बघितलं. मग दोघांनी मिळून ओट्याकडं बघितलं. दोरीच्या पलीकडं, कटाच्या पातेल्याशेजारी, संकेश्वरीच्या नव्या डब्याला खेटून, दोरीच्या अलीकडचा जुना डबा उभा होता. रोजच्या मिसळीच्या चटणीचा. कोल्हापूरच्या कुठल्याही घरात असते ती, कांदा आणि लसूण तळून, वाटून, मिरचीत मुरवलेली.

मामांचा चेहरा पातेल्यासारखा उतरला. कटाला रंगच येईना, ते म्हणाले, पिवळट दिसायला लागला, चाखायचं तर मला न्हाय, आन हात आपला गेला. मी न्हाय गेलो पोरी, हात गेला. तीस वर्षं गेलेला हात.

बाहेर अठरा ताटं वाढून झाली होती.

पृथ्वीराज आत आला, त्यानं तोंडं बघितली, त्याला सांगितलं. तो क्षणभर भिंतीला टेकला. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला की आता बोलू नका. चमचाभर पडली असेल. त्यांना कळायचंही नाही, चांगली झालीया म्हणतील आणि जातील. आत्ता बाहेर जाऊन सांगितलंस तर उद्यापासून कोण येणार? फळा गेला म्हणून समज. तुझाच फळा, तूच ठरव.

हे त्यानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. घाबरला होता. वर्षाराणीही घाबरली होती. तिला बाहेरचा फळा दिसत होता, हातात पिशवी घेऊन निघालेला लसूण दिसत होता, आणि गल्ल्यावर वाट बघत बसलेलं सोनेरी अक्षरांचं कार्डही दिसत होतं. फक्त गप्प राहायचं होतं. चार घास जातील आणि होऊन जाईल.

तेवढ्यात दाराच्या फटीतून आवाज आला. नीलम्माक्कांचं कडवं सुरू झालं होतं.

आक्कांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते, आणि बाकी सतरा जणी चमचे टेबलावर ठेवून, नाकपुड्या फुलवून, कडवं संपायची वाट बघत होत्या. डोंगर चढून-उतरून आल्या होत्या, त्यामुळे आज कडवं लांब होतं. देवीच्या साडीपासून सुरुवात झाली होती. अजून नथ यायची होती, पैंजण यायचे होते. पण किती लांब असलं तरी कडवं ते कडवं, संपणारच होतं.

नीलम्माक्कांचं कडवं आजवर कुणी मध्ये तोडलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्यानं नाही, देवळातल्या गुरवानं नाही, एकदा वीज गेली तर विजेनंही नाही.

आक्का पैंजणांपर्यंत आल्या, आणि वर्षाराणी दारातून बाहेर पडली.

“आक्का, थांबा. खाऊ नका. आत कांदा-लसूण पडलाय.”

डोळे उघडले. दारातल्या कुत्र्यानंसुद्धा मान वाकडी केली. वर्षाराणी सांगत सुटली. चूक कशी झाली, डबा कुठला, चाखायचं तिचं काम होतं आणि ती बाहेर लसणाला पिशवी काढत बसली होती, हेसुद्धा सांगितलं. मागं दारात आकाराममामा दोन्ही कान धरून उभे होते, साठ वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा. नीलम्माक्कांनी ताट नाकाजवळ नेलं, हुंगलं आणि खाली ठेवलं.

वर्षाराणीला तिथं उभं राहवेना. फडकं उचललं आणि बाहेर गेली. टाटा-बायची ओळ पुसली. लसूण पुसला, पिशवीसकट. रस्त्यावरची माणसं बघत होती. तिनं खडू घेतला, अक्षर वाकडं आलं, पण झोका आपोआप हलला.

*मिसळीची माझ्या सखे आज मोडली गं आण,*
*कांद्यानं अन् लसणानं आत मांडलं ठाण.*
*उपास ज्याला न्हाय त्यानं यावं, रस्सा ओरपावा,*
*उपास जिला हाय तिनं वरीचा भात घ्यावा.*

लिहून झालं तेव्हा मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. नीलम्माक्का. चष्मा लावून वाचत होत्या. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग वर्षाराणीच्या खांद्यावर हात टाकून आतल्या सतरा जणींकडं वळल्या आणि माईकला लाजवणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

“चुकलं तर फळ्यावर लिवती गं ही बया. हितंच बसायचं. वरी आणा.”

पुढचा अर्धा तास काय गोंधळ झाला तो विचारू नका. मामा वरी शिजवायला असे धावले की दोरी पायात गुरफटून पडले, उठून हात धुतले आणि पुन्हा धावले. त्या आधी त्यांनी तो जुना डबा पृथ्वीराजच्या हातात दिला आणि सांगितलं की उपास सुटेपर्यंत रोजची मिसळ बंद, हा गल्ल्यात ठेव, मी मागितला तरी देऊ नकोस. उपासाची कढई, पळी, सगळं पुन्हा घासून काढलं. सतरा लाल ताटांचं काय करायचं, हा प्रश्न बाहेरच्या ओवीनंच सोडवला. रसायनशास्त्राची परीक्षा देऊन आलेला पोरांचा अख्खा घोळका फळा वाचून आत शिरला आणि ज्याला मिळेल त्यानं ताट उचललं. फोटो काढणारा पोलीसही आला. उपास नाही असं त्यानं दारातच जाहीर केलं. खिचडीवर तो कट, तो चिवडा, ते दही. पोरं ओरपत होती, नाकातोंडातून पाणी गाळत होती, आणखी मागत होती. आणि शेजारच्या टेबलांवर अठरा बायका वरीचा पांढरा भात कालवत, त्या पोरांच्या ताटांकडं असं बघत होत्या की पोरांनी पाठ फिरवून खाल्लं.

“कसं लागतंय रे बाळा?” तानाबाईंनी न राहवून एकाला विचारलं.

त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण तिखटानं आवाजच निघाला नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून तानाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सहाव्या माळेला मंडळ आलं. सातव्याला आलं, सोबत शेजारच्या गल्लीचं मंडळही घेऊन आलं. आठव्याला बयाबाईंनी स्वतः खडू मागून घेतला आणि खिचडीखाली आपल्या अक्षरात लिहिलं की मिरी मागितली तर मिळते. आता दर पदार्थापुढं वर्षाराणी चमचा घेऊन उभी असायची आणि चाखून झाल्याशिवाय खडू उचलायची नाही. पृथ्वीराजनं काही कबूल केलं नाही, म्हणजे तोंडानं नाही. पण सोनेरी अक्षरांचं कार्ड आता मामांच्या हातात दिसायचं. शेगडीपुढं घाम आला की ते त्यानं वारा घेत. जाड होतं, वारा चांगला लागायचा.

दसरा झाला. सोनं लुटून झालं, मागोमागची एकादशी झाली, उपास सुटले. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाराणी फळा पुसत होती. पाण्याचे ढग पळत होते, नवं काही सुचलं नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, आणि मागोमाग अठरा बायका आल्या, आज पायांत चपला, अंगावर दसऱ्याच्या साड्या. नीलम्माक्का पुढं. फळा कोरा आहे हे बघून त्या थांबल्याच नाहीत, थेट आत जाऊन बसल्या.

वर्षाराणी विचारायला गेली की काय देऊ. नीलम्माक्कांनी इकडं-तिकडं बघितलं, घसा साफ केला आणि जरा लाजूनच म्हणाल्या,

“ती पंचमीची. चुकल्याली. सात दिस झालं, नाकातनं जाईना.”

आतून मामांचा हात दारातून बाहेर आला आणि गल्ल्याकडं पसरला. पृथ्वीराजनं कुलूप काढून जुना डबा त्यात ठेवला.

ताटं आली. लालेलाल. नीलम्माक्कांनी हात जोडले, डोळे मिटले. भूक असूनही कडवं त्या दिवशी एका ओळीत संपलं.